सिस्टर, तुमच्या हाताखाली मी काय शिकले

बी.एस्सी. नर्सिंगचं आठवं सत्र म्हणजे इंटर्नशिप. ती संपत आली की मुली आपापल्या वॉर्डातल्या सिस्टरांना एखादं कार्ड, एखादं पत्र देतात. त्यातला मजकूर बहुधा सारखाच असतो: आपण दिलेल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल मी आपली सदैव ऋणी राहीन. भावना खरी असते, यात मला शंका नाही. प्रसूती विभागात विद्यार्थिनींना शिकवताना अशी पत्रं मी पाहत आले आहे. मात्र हे वाक्य कोणत्याही सिस्टरला, कोणत्याही वॉर्डात, कोणत्याही वर्षी देता येतं. ते वाचून त्या सिस्टरला आपण नेमकं काय शिकवलं हे कळत नाही. ते तिला कळायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

आधी ही सिस्टर कोण ते सांगते. नर्सिंग कॉलेजचे स्वतःचे शिक्षक असतात, ट्यूटर असतात, आणि तेही विद्यार्थिनींबरोबर रुग्णालयात येतात. प्रिसेप्टर त्यांच्याहून वेगळी. ती त्या वॉर्डात नोकरी करणारी अधिपरिचारिका असते. कधी वॉर्डाची जबाबदारी असलेली परिसेविकाच हे काम करते. तिच्याकडे तिचे रुग्ण असतात, औषधांच्या वेळा असतात, कागदपत्रं असतात, आणि हे सगळं चालू असताना एखादी विद्यार्थिनी तिच्या मागेपुढे असते. विद्यार्थिनीने इंजेक्शन कसं भरलं, नाडी कशी मोजली, बाळंतिणीशी कशी बोलली हे ती पाहते, गरज पडली तर तिथेच थांबवते, आणि काम नीट जमलं की लॉगबुकात सही करते. त्या सहीशिवाय ते काम विद्यार्थिनीच्या खात्यावर जमा होत नाही.

म्हणजे सिस्टरने विद्यार्थिनीबद्दल लिहायची सोय आहे आणि ती जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हाही शिकाऊ मुलींच्या वागणुकीच्या आणि कामाच्या नोंदी दर महिन्याला ठेवल्या जात. विद्यार्थिनीने सिस्टरबद्दल काही लिहून ठेवावं, अशी जागा मात्र कुठल्याच रजिस्टरात नसते. ती जागा हे आभाराचं पत्र भरून काढू शकतं.

त्याची गरज का आहे, याचं उत्तर पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेच्या कामात सापडतं. बुद्धिबळपटू आणि वैमानिक कौशल्य कसं कमावतात यावर ड्रायफस बंधूंनी जी मांडणी केली होती, ती बेनर यांनी नर्सिंगला लावून पाहिली आणि १९८४ मध्ये ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ हे पुस्तक लिहिलं. नवखी परिचारिका नियमांवर चालते. तिला अमुक आकडा दिसला की तमुक करायचं एवढं ठाऊक असतं. मुरलेली परिचारिका खाटेजवळ जाते आणि तिला सगळं चित्र एकदम दिसतं. काहीतरी बिनसलंय हे तिला आधी जाणवतं, कारणं ती नंतर जुळवते. तुम्हाला कसं कळलं असं विचारलं तर ती म्हणते, अगं, बघितल्यावर कळतंच की. तिच्या ज्ञानाचा मोठा भाग हातात आणि नजरेत इतका मुरलेला असतो की आपण तो वापरतो आहोत हे तिच्याही लक्षात येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला मात्र तो दिसतो, कारण तिला ते सगळं नवीन असतं. म्हणून सिस्टरने काय शिकवलं हे सांगण्याच्या सर्वात चांगल्या जागी विद्यार्थिनीच असते.

असं पत्र कसं असावं, हे दाखवण्यासाठी मी एक लिहिलं आहे. ते कोणा एका मुलीचं नाही. प्रसूतीनंतरच्या, म्हणजे पीएनसी वॉर्डात जे घडतं आणि जसं शिकवलं जातं, त्यावरून ते बांधलं आहे. ते तुकड्यातुकड्याने देते, कारण मध्येमध्ये थोडा खुलासा लागेल.

‘आदरणीय सिस्टर, सप्रेम नमस्कार.

माझी इंटर्नशिप या आठवड्यात संपते. जाण्याआधी तुम्हाला हे लिहून द्यायचं होतं. पीएनसीमधली ती दुपार तुमच्या लक्षात असेल की नाही मला माहीत नाही, तुमच्यासाठी ती रोजच्यासारखी असेल. मी मात्र तिथे जे शिकले ते अजून रोज वापरते.

दुसऱ्या खेपेची बाळंतीण होती. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नॉर्मल डिलिव्हरी झाली आणि सव्वाला ती लेबर रूममधून आपल्याकडे आली. तेव्हा नाडी ८४ होती, रक्तदाब ११६/७४, पिशवी घट्ट. पाऊण तासात तिची नाडी १०८ झाली आणि रक्तदाब ११४/७४. मी तक्ता तुमच्यासमोर धरला. तुम्ही आकड्यांवर काहीच बोलला नाहीत. आधी किती होती, एवढंच विचारलंत. मग मधल्या नोंदीवर बोट ठेवलंत, पावणेदोनची, नाडी ९८. म्हणालात, ही एक रेघ आहे, तीन ठिपके नाहीत.’

इथे थांबायला हवं, कारण या पत्राचा गाभा इथेच आहे. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव मातेच्या जिवावर उठतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो नेहमी धो धो वाहताना दिसतो असं नाही, हे मात्र फारसं ठाऊक नसतं. तरुण, धडधाकट बाईचं शरीर रक्त कमी होऊ लागलं की रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि हृदय जोरात चालवतं. त्यामुळे रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. तो घसरतो तेव्हा पुष्कळ रक्त गेलेलं असतं. नाडी मात्र आधीच वाढू लागलेली असते. म्हणून रक्तदाबाचा आकडा चांगला आहे यावर समाधान मानणं धोक्याचं.

यासाठी एक सोपा हिशेब प्रसूती विभागात वापरतात. नाडीच्या आकड्याला रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने भागायचं. वॉर्डात आली तेव्हा या बाईचं उत्तर ८४ भागिले ११६, म्हणजे सुमारे ०.७ होतं. पावणेदोनला ते ०.८६ झालं आणि दोन वाजता ०.९५. उत्तर ०.९ च्या वर गेलं की सावध व्हायचं. पण नाडी दुखण्याने वाढते, तापाने वाढते, भीतीनेही वाढते. म्हणून हा हिशेब निदान करत नाही. जाऊन हात लावून बघ, एवढंच तो सांगतो.

‘तुम्ही तक्ता खाली ठेवलात आणि थेट खाटेशी गेलात. तिला म्हणालात, ताई, पोट जरा दाबून बघते, दुखेल थोडं, पण बघायला हवं. तिने मान हलवल्यावरच हात लावलात. मग माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवलात आणि वर तुमचा हात ठेवलात. पिशवी कुठे लागते सांग, म्हणालात. बेंबीच्या वर होती, आणि उजवीकडे सरकलेली. मऊ होती. सकाळी तुम्ही मला दुसऱ्या एका बाळंतिणीची पिशवी दाखवली होती, क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक. हाताला दोन्ही कळल्यामुळे फरक सांगावा लागला नाही.

तुम्ही तिला विचारलंत, लघवीला कधी गेला होतात? बाळंतपणानंतर गेलीच नव्हती.’

वार पडल्यावर ज्या जागेवरून ती सुटते, तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. त्यांची तोंडं बंद करण्याचं काम गर्भपिशवीचे स्नायू करतात. पिशवी आकुंचन पावून घट्ट झाली की वाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त थांबतं. पिशवी सैल राहिली तर ते वाहत राहतं. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं सर्वात जास्त आढळणारं कारण हेच. भरलेलं मूत्राशय पिशवीला वर आणि बाजूला ढकलतं, तिला नीट आवळू देत नाही. उजवीकडे सरकलेली, बेंबीच्या वर लागणारी पिशवी ही त्याचीच खूण. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ती ओळ पाठ असलेल्या मुलीलाही खाटेशी उभं राहिल्यावर लघवीचा प्रश्न सुचेलच असं नाही. तो कुणीतरी तिच्यादेखत विचारावा लागतो.

‘मी पॅड बघितलं होतं, ते फार भिजलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, आता तिला कुशीवर कर. पाठीखालची चादर भिजलेली होती. रक्त उताराकडे जातं, म्हणालात, आणि बाळंतीण उताणी निजलेली असते.

मग तुम्ही एक हात ओटीपोटावर, हाडाच्या वर आधाराला ठेवलात आणि दुसऱ्याने पिशवीचा माथा गोलगोल चोळायला लागलात. दोन मिनिटांत माझा हात तिथे घेतलात. बेडपॅनवर तिला लघवी करता आली, पिशवी खाली उतरलेली मला हाताखाली कळली. त्याच वेळी तुम्ही मला भिजलेली पॅड आणि चादर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वजन करायला लावलंत. ओल्याचं वजन ४३० ग्रॅम. तेवढ्याच कोऱ्या पॅडचं आणि चादरीचं ११० ग्रॅम. उरले ३२०.’

एक ग्रॅम रक्त म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर, असं धरतात. म्हणजे वॉर्डात ३२० मिली गेलं. लेबर रूमच्या नोंदीत २५० मिली लिहिलेलं होतं. बेरीज ५७०. बाळंतपणानंतरच्या चोवीस तासांत ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, ही जागतिक आरोग्य संघटनेची रूढ व्याख्या. ही बाई ती रेषा ओलांडून गेली होती आणि तिचा रक्तदाब अजूनही ११४/७४ दाखवत होता.

वजन करणं इतकं महत्त्वाचं का, तर डोळ्यांचा अंदाज बहुधा कमी पडतो. जास्त रक्त गेलेलं असेल तेव्हा तर तो अधिकच कमी पडतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांमध्ये ई-मोटिव्ह नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेलं प्लॅस्टिक पसरून रक्त मोजलं आणि मोजणीवरून लगेच ठरलेले उपचार एकत्र सुरू केले, तर गंभीर परिणामांचं प्रमाण साठ टक्क्यांनी कमी झालं. औषधं तीच जुनी होती. फरक पडला तो वेळेत ओळखण्याने आणि सगळं एकदम करण्याने. तसं प्लॅस्टिक वॉर्डात नसेल तर वजनकाटा असतो, आणि पत्रातल्या सिस्टरने तोच वापरला.

‘डॉक्टर मॅडमना फोन तुम्ही मला करायला सांगितलात. मी काय बोलणार ते आधी तुमच्यासमोर म्हणून घेतलंत. मी म्हटलं, मॅडम, पीएनसीमधून बोलतेय, स्टुडंट नर्स, सिस्टर सोबत आहेत. अकराच्या नॉर्मल डिलिव्हरीची बाळंतीण, आत्तापर्यंत साधारण ५७० मिली रक्त गेलंय. नाडी १०८, बीपी ११४/७४, पिशवी मऊ होती, मसाज चालू आहे, लघवी आत्ताच झाली. तुम्ही आत्ता यावं. शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. तुम्ही म्हणालात, ते सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

दोनची वेळ होती. दुपारच्या सिस्टर येऊन ओव्हर घ्यायला थांबल्या होत्या. तुम्ही त्यांना टेबलापाशी ओव्हर दिली नाहीत. खाटेपाशी आणलीत आणि त्यांचा हात पिशवीवर ठेवायला लावलात. मॅडम आल्या, ऑक्सिटोसिनचं ठिबक लागलं, रक्त तपासायला गेलं. पिशवी घट्ट राहिली. तरी तुम्ही मला म्हणालात, पिशवी घट्ट असून लालभडक धार चालूच राहिली असती तर कुठे बघितलं असतंस? मी म्हटलं, कुठे फाटलंय का ते. तुम्ही तेव्हाच निघालात.’

‘ओव्हर’ म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला रुग्ण सोपवणं. रुग्णालयात ही दहा-पंधरा मिनिटं फार नाजूक असतात. जाणाऱ्याचं लक्ष निघण्याकडे असतं, येणाऱ्याला अजून काही ठाऊक नसतं. मघाशी मऊ असलेली पिशवी आत्ता घट्ट लागते, एवढं सांगून भागत नाही, कारण घट्ट म्हणजे किती हे ज्याच्या त्याच्या हातावर असतं. दोन्ही परिचारिकांनी एकाच वेळी हात लावला तर अर्ध्या तासाने दुसरीला फरक कळतो. ही पद्धत तक्त्यात लिहिलेली नसते. या सिस्टरला ती आपली एक सवय वाटत असेल. विद्यार्थिनीने ती टिपून परत तिच्या हाती दिली.

फोनचंही तसंच आहे. काय चाललंय, आधी काय झालं होतं, आपल्याला काय दिसतंय आणि आपल्याला काय हवंय, या क्रमाने बोलायचं हे वर्गात शिकवलं जातं. तीन भाग मुली चांगले म्हणतात. चौथ्यापाशी अडतात, कारण डॉक्टरांना ‘आत्ता या’ म्हणणं त्यांना आगाऊपणाचं वाटतं. तो अडसर वर्गात निघत नाही. शेजारी सिस्टर उभी असताना एकदा ते वाक्य तोंडातून गेलं की निघतो.

‘आणखी एक. ड्यूटीवर आल्यावर तुम्ही आधी औषधांचा फ्रिज उघडून थर्मामीटर बघायच्या. मला कधी तसं करायला सांगितलं नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांत राहिलं नाही तर त्याचा जोर जातो, आणि ते आपल्याला कळतं कधी, तर ज्या बाईला त्याची गरज आहे तिच्या खाटेशी. आता मी कुठल्याही वॉर्डात गेले तरी आधी फ्रिज बघते.

त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तुम्ही घरी गेला नाहीत. मला बसवून विचारलंत, तुला आधी काय दिसलं, काय वाटलं आणि मी नसते तर काय केलं असतंस. मी सांगत असताना तुम्ही मध्ये बोलला नाहीत. ती दहा मिनिटं मला चार वर्षांत दुसऱ्या कुणी दिली नव्हती. मनापासून आभार.

आपली विद्यार्थिनी’

हे पत्र लिहायला मोठी भाषा लागत नाही. लागते ती आठवण, आणि एकच प्रसंग निवडण्याचा संयम. मुली एका पत्रात सहा महिन्यांचं सगळं घालू पाहतात. मग प्रत्येक गोष्टीच्या वाट्याला एक विशेषण येतं आणि सिस्टरच्या हाती काही लागत नाही. प्रसंग निवडताना मी मुलींना सांगते की ज्यात जीव वाचला तोच घ्यायला हवा असं नाही. सलाइनचे थेंब मोजायला कसं शिकवलं, रडणाऱ्या आईच्या मांडीवर बाळ दूध ओढेना तेव्हा तुम्ही काय केलंत, यावरही उत्तम पत्र होतं. सिस्टर काय म्हणाली, हात कुठे ठेवला, मला केव्हा करू दिलं आणि तेव्हापासून मी काय वेगळं करते, एवढं आलं की झालं.

काही गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळायला हव्यात. रुग्णाचं नाव, गाव, खाट क्रमांक, नोंदणी क्रमांक आणि तारीख पत्रात येता कामा नये. पत्र सिस्टरच्या घरी जातं, कधी कुणाला वाचून दाखवलं जातं, कधी त्याचा फोटो निघतो. वरच्या पत्रात वेळा आणि आकडे आहेत, कारण शिकवण त्यांच्यातच आहे. ती बाई कोण हे त्यावरून कळत नाही. ज्या प्रसंगाची रुग्णालयात चौकशी चालू असेल तो तर पत्रासाठी घेऊच नये. दुसऱ्या सिस्टरशी किंवा डॉक्टरांशी तुलना करून कौतुक करू नये. ते वाचणारीला अडचणीत टाकतं, तिला उद्याही त्यांच्याबरोबरच काम करायचं असतं.

पत्र केव्हा द्यायचं हेही महत्त्वाचं. लॉगबुकातली शेवटची सही झाली, अंतर्गत गुण कॉलेजकडे गेले, की मग द्यावं. त्याआधी दिलं तर खऱ्या शब्दांवरही खुशामतीचा संशय येतो आणि प्रामाणिकपणे गुण देणाऱ्या सिस्टरला ते नकोसं होतं. सोबत साडी, घड्याळ, मिठाईचा डबा असं काही देऊ नये.

एक प्रत अधिसेविकांच्या कार्यालयात द्यावी, आणि ती देण्याआधी सिस्टरला विचारावं. बहुतेक ठिकाणी विद्यार्थिनींना शिकवण्यासाठी प्रिसेप्टरला कामातून वेगळा वेळ मिळत नाही. ती शिकवते ते आपल्या रुग्णांमधून आणि ड्यूटी संपल्यावर. कार्यालयाकडे तिच्या रजा, तिच्या बदल्या, तिच्याबद्दल आलेल्या तक्रारी यांची नोंद असते. भरलेलं मूत्राशय तिने कसं ओळखायला शिकवलं, ओव्हर खाटेपाशी कशी दिली, याची नोंद नसते. या प्रतीमुळे ती होते. पुढची तुकडी कुणाच्या हाताखाली द्यायची हे ठरवताना अधिसेविकांना तिचा उपयोग होतो, आणि खाटेपाशी ओव्हर देण्याची पद्धत सगळ्या वॉर्डांत आणायची झाली तर कोणाला विचारायचं, हेही त्यातून कळतं.